मावशीचा कान

मावशीला कुणी कलाकार म्हटलं की ती उलट विचारायची, "काय काम काढलंय? सरळ बोला."

नाचाच्या शाळेत पियानो वाजवणं हा तिचा धंदा. एक लांबलचक हॉल, एका भिंतीला वरपासून खालपर्यंत आरसा, बाकीच्या भिंतींना धरायला लाकडी दांडा, आणि कोपऱ्यात एक उभा पियानो, ज्याच्या झाकणावर चहाच्या कपांची गोल गोल वर्तुळं. पोरं दांडा धरून पाय उचलायची, मावशी वाजवायची. ह्या कामात समोर कागद ठेवून भागत नाही. डोळे पोरांच्या पायांवर लागतात. एखादीची उडी लांबली तर सूर ताणायचा, एखादा घाईत आला तर लगाम खेचायचा. "कागदात डोकं घातलंस की संपलं," ती नव्या वाजवणाऱ्यांना दम भरायची, "पोरगी हवेत आणि तू पान उलटतेयस!" म्हणून मावशीचं सगळं पाठ. तासन्तास वाजवायची, कागदाचा चिटोरासुद्धा नाही.

पाठ कशानं? कानानं. तिचा बाप हॉटेलात वाजवायचा, ही टेबलाखाली बसून ऐकायची, आणि घरी येऊन तेच वाजवायची. शाळेत गणितात नापास, पण सुराच्या बाबतीत तिला फसवून दाखवा! दाराची बिजागरी कुरकुरली की म्हणायची, "पांढरी तीन." कुणी शिंकलं, "काळी चार, आणि रुमाल घे." कसलाही आवाज झाला की तो पियानोच्या कुठल्या पट्टीचा, हे तिला विचार न करता कळायचं. तुम्हाआम्हाला लाल रंग लाल दिसतो तसं. त्यासाठी कुणी विचार करतं का?

तिला मावशी सगळेच म्हणायचे, पण खरी मावशी ती एकीचीच. भिंगरीची. बहीण गेली तेव्हा भिंगरी इवलीशी होती, अजून दात पडले नव्हते. मावशीनं तिला उचलून आणलं, स्वतः लग्न केलं नाही, आणि पोरीला पियानोच्या बाजूला सतरंजीवर झोपवून वर्ग वाजवले. ती पोरगी नाचणारीच होणार होती, दुसरं काय होणार? भिंगरी नाव पण त्या हॉलनंच दिलं. एकदा फिरायला लागली की थांबायचीच नाही.

आता भिंगरी मोठी झाली होती आणि मॅडमनी तिला पहिल्यांदा मुख्य नाच दिला होता. मॅडम म्हणजे शाळेच्या मालकीणबाई आणि नाच बसवणाऱ्याही त्याच. काटक, पांढरे केस आवळून बांधलेले, आवाज कधी चढायचा नाही. तो न चढणारा आवाजच पोरांना जास्त घाबरवायचा.

भिंगरीबरोबर नाचायचा खांब. खरं नाव त्याच्या आईलाच आठवत असेल. उंच, रुंद, आणि कुणालाही डोक्यावर उचलून उभा राहायचा, म्हणून खांब.

ह्या नाचाची सगळी मेख एका जागी होती. तुकडा एक, पण तो दोनदा यायचा. पहिल्यांदा सुरू झाला की मधे एक वळण, आणि त्या वळणावर सूर घर सोडून शेजारी जायचा. तिथे भिंगरी एकटीच उडी मारून स्वतःच्या पायावर उतरायची. मग बरंच काही होऊन तोच तुकडा पुन्हा यायचा, अगदी तसाच, एक सूर इकडचा तिकडे नाही. फक्त वळणावर ह्या वेळी सूर शेजारी जायचा नाही, घरीच थांबायचा. आणि तिथे भिंगरी मागे न बघता, पाठीवर, हवेत झोकून द्यायची. खांब तिच्या मागे अंधारात, पाठ फिरवून उभा. त्याला ती दिसायची नाही. घरचा सूर ऐकला की तो पळत सुटायचा आणि तिला झेलायचा.

म्हणजे सगळं मावशीच्या बोटांवर. तिनं चुकून पहिलं वळण घेतलं, तर खांब हलणार नाही.

"तू एवढं सगळं लक्षात कसं ठेवतेस गं?" खांबनं एकदा मधल्या सुट्टीत भिंगरीला विचारलं. मावशी धरून तिघं हॉलच्या फरशीवर पाय पसरून बसले होते.

"मी कुठे ठेवते? अंग ठेवतं," भिंगरी म्हणाली. "सुरू झालं की एकातून दुसरं निघतं. मधून विचारलंस तर मला सांगता येणार नाही. पहिल्यापासून लावायला लागतं."

"मग तू कॅसेट आहेस."

"आणि तू?"

"मला दिसतं," खांब म्हणाला. "आरशात. माझा हात कुठे, तू कुठे, सगळं चित्र."

"म्हणून काल मॅडमनी आरशावर पडदा ओढला तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून नाचलास!"

मावशी एवढी हसली की खोकला लागला. खरंच तसं झालं होतं. पडदा पडला आणि खांबचं डावं उजवं झालं, सगळी पोरं एका बाजूला, हा गडी दुसऱ्या बाजूला एकटाच हात पसरून उभा.

"हसा," तो म्हणाला. "मावशी, तुमचं काय?"

"माझा कान सख्खा," मावशी म्हणाली. "हात चुलत, बोलावलं तर येतो. डोळे म्हणजे पाहुणे, आज आहेत उद्या नाहीत. आणि डोकं सावत्र. त्याला मी घरात घेत नाही."

तेव्हा ते मजेत होतं.

मग एके सकाळी मावशी पियानोपाशी बसली, एक तुकडा वाजवला, थांबली आणि ओरडली, "ह्याला कोणी हात लावला? चढलाय हा! पट्टीभर वर गेलाय!"

पियानो लावणाऱ्याला बोलावणं गेलं. सगळे त्याला तारवाले काका म्हणायचे. वर्षानुवर्षं तोच पियानो लावायचा, मावशीशी भांडायचा आणि तिच्याच हातचा चहा प्यायचा. त्यानं झाकण काढलं, दोन तारा छेडल्या, खिशातून लोखंडी काटा काढला. दोन दात असलेला, चमच्यासारखा. तो गुडघ्यावर आपटला की एकच सूर निघतो, पांढरी सहा, आणि तो कधीच बदलत नाही. थंडी असो, ऊन असो, राजा असो, रंक असो. त्यानं काटा आपटून पियानोच्या लाकडावर टेकवला.

"घे. जागेवर आहे."

मावशीनं कान काट्याजवळ नेला.

"पुन्हा आपट."

त्यानं आपटला.

"काळी पाच," मावशी म्हणाली. "तुझा काटा बिघडला."

"काटा बिघडत नाही, मावशी."

"मग तू बिघडलास."

काका चिडले नाहीत. एरवी चिडले असते. त्यांनी पेटीतून दुसरा काटा काढला, नवाकोरा, कागदातून सोडवला आणि आपटला. मावशीनं डोळे मिटून ऐकला. तिच्या तोंडावरचा रंग असा उतरला की काकांनी काटा घाईघाईनं मुठीत धरून बंद केला.

"काळी पाच," ती हळू म्हणाली.

कानाच्या डॉक्टरनं तपासलं. ऐकू येतंय छान, म्हणाला. पण ज्यांना जन्मापासून असा पक्का कान असतो, त्यांच्यात वय झालं की काहींचा सूर सरकतो. आवाज आहे तिथेच असतो, पण ह्यांना तो वर ऐकू येतो. पट्टीभर, कधी जास्त.

"औषध?"

"नाही."

"परत खाली येईल?"

डॉक्टरनं टेबलावरचं पेन सरळ केलं. "सहसा नाही."

इतर कुणाला त्याचं काही वाटलं नसतं. रस्त्यावरच्या माणसाला पट्टीभर सूर वर गेला काय, खाली आला काय! पण मावशीचं अख्खं आयुष्य कानानं पाठ केलेलं होतं. पांढरी चारमधला तुकडा ती वाजवायला बसायची, बोटं बरोबर पट्ट्यांवर पडायची, आणि कानात यायची काळी तीन. कान ओरडायचा, चुकलीस, खाली ये. मग हात कळत नकळत एक पट्टी खाली सरकायचा. सरकला की खेळ खल्लास. कारण खालच्या पट्टीतल्या काळ्या पांढऱ्या वेगळ्या, बोटांची घडी वेगळी, आणि हाताला ती कधी शिकवलेलीच नाही. हाताचं ज्ञान म्हणजे एकामागे एक रांगेत उभे असलेले लोक, एकानं पुढच्याला ढकलायचं. मधला एक सटकला की मागचे सगळे तिथेच ठप्प.

वर्गात असं दोनदा झालं. पोरांना कळलंसुद्धा नाही. पोरं आकडे मोजतात, सूर थोडीच ऐकतात? मावशीनं काहीतरी मनचं वाजवून वेळ मारून नेली. झाकली मूठ.

पण भिंगरीपासून काय झाकणार? एकाच छपराखाली राहायचं. भिंगरी घरी आली तर मावशी स्वयंपाकघरातल्या टेबलावर छोटा विजेचा कीबोर्ड ठेवून वाजवत होती. वायर भिंतीत नव्हतीच. नुसता टकटक टकटक आवाज.

"बंद आहे तो," भिंगरी म्हणाली.

"माहीत आहे."

"मग?"

"आवाज आला की घोळ होतो. मुका बरा."

मग सगळं बाहेर आलं. भिंगरीनं ऐकलं, पाण्याचा पेला भरला, प्यायली, पुन्हा भरला, आणि म्हणाली, "मॅडमला सांगायचं नाही."

"अगं पण..."

"सांगायचं नाही. त्या मशीन आणतील. स्पीकर लावतील आणि तुला घरी बसवतील. मी मशीनवर नाचणार नाही. तू नाही तर मी नाही, बस्स."

"भिंगरे, तुझी मान आहे त्यात."

"माझी आहे ना? मग मी बघते."

असल्या पोरीला काय बोलणार? आपलेच दात, आपलेच ओठ. मावशीलाही खरं तर हेच ऐकायचं होतं, आणि तीच मोठी चूक झाली.

आता सावत्राला घरात घ्यायची पाळी आली. मावशीनं कपाटाच्या वरून त्या तुकड्याचे छापील कागद काढले, धूळ झटकली, चष्मा लावला. पहिल्यांदा तिनं डोळ्यांनी करून बघितलं. पानाचं चित्र डोक्यात बसवायचं, कुठल्या कोपऱ्यात काय. दोन दिवस जमलं, तिसऱ्या दिवशी चित्र पुसलं. तिला आयुष्यात कधी पान दिसलंच नव्हतं, आता कसं दिसणार?

मग डोकं. तिनं तुकडा उघडला, कोंबडी साफ करतात तसा. हाडं कुठे, सांधा कुठे. घर म्हणजे पांढरी चार. पहिल्या फेरीत वळणाच्या आधी एक काळी पट्टी सुटते, पांढरी होते, आणि त्या एका बदलामुळे सूर शेजारी, म्हणजे पट्ट्यांवर लांब पण नात्यानं जवळच्या पांढरी एकवर जाऊन पडतो. दुसऱ्या फेरीत ती काळी काळीच राहते, आणि सूर घरी. फरक एवढाच. पन्नास वेळा वाजवलं होतं आणि हे कधी बघितलं नव्हतं. गरजच पडली नव्हती. कान बोट धरून नेत होता.

तिनं तुकड्याला खुणा केल्या. इथून सुरू करता आलं पाहिजे, तिथूनही. शेवटच्या खुणेपासून वाजवलं, मग त्याच्या आधीच्या, असं मागून पुढे. भिंगरीनं खेळ लावला. मावशी बटाटे सोलत असायची आणि भिंगरी आंघोळीतून ओरडायची, "दुसरं वळण!" मावशी सुरी टाकून टेबलावर बोटं ठेवायची आणि मुक्यानं वाजवायची, तोंडानं बडबडत, "काळीच. काळीच. घरी."

"आता पहिलं!"

"पांढरी झाली. शेजारी."

"डावा हात एकटा!"

"गप गं, भाजी करपली!"

तिला जमायला लागलं. खरंच जमलं. तिची पाठ सरळ झाली, जेवताना बोलायला लागली. "डोकं एवढं वाईट नाही," एकदा म्हणाली, "फटकळ आहे, पण खरं बोलतं." भिंगरीला वाटलं, जिंकलो. दोघींनाही वाटलं.

पण दोघींनी एक केलं नाही. सगळी तयारी मुक्या टेबलावर केली. आवाजात नाही. ज्या आवाजात घोळ होत होता, त्याच आवाजात डोकं टिकतं का, हे कुणी तपासलंच नाही.

शेवटची तालीम मोठ्या नाट्यगृहात होती. रंगमंचावर लांब काळा पियानो. झाकण उघडं, आवाज हा एवढा, छातीत धडकणारा. मागचा निम्मा मंच काळोखात, तिथे खांब उभा. समोरच्या रिकाम्या खुर्च्यांत मॅडम एकट्या.

पहिली फेरी गेली. काळीची पांढरी, शेजारी, भिंगरी उडाली आणि मांजरासारखी उतरली. मावशीच्या कपाळावर घाम होता पण हात जागेवर. मधला भाग गेला. मग तोच तुकडा पुन्हा.

आणि आवाज वाढला. ह्या फेरीत तो वाढायचाच असतो. तिच्या कानात काळी तीन अशी काही गरजली की डोकं म्हणालं, घरी, आणि कान म्हणाला, हे घर नाही. घर पांढरी चार आहे, हे कुठलं घर? क्षणभर दोघं भांडले. त्या क्षणात हातानं काय केलं? हात कुणाची वाट बघत नाही. त्याला जी वाट आधीपासून पायाखालची होती ती त्यानं धरली. पहिली.

काळीची पांढरी झाली.

खांबनं अंधारात ऐकलं. शेजारचा सूर. त्याला एकच नियम माहीत होता, घरचा सूर लागल्याशिवाय निघायचं नाही. तो थांबला.

भिंगरीच्या अंगानं मात्र ऐकलं नाही. अंग मोजत होतं, सुरावर नव्हतं. त्याची वेळ झाली आणि त्यानं पाठीवर झोकून दिलं.

लाकडावर माणूस पडल्याचा आवाज फार मोठा नसतो. कुणी भरलेली पिशवी टाकावी तसा. मावशीला तो कुठल्या पट्टीचा ते कळलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा कळलं नाही.

भिंगरी हातावर पडली होती. मनगट बघता बघता सुजलं. खांब गुडघ्यावर बसून तिला विचारत होता, "मान? मान हलव. डोक्याला लागलं का?" आणि ती दात आवळून त्याच्याकडे बघत होती, जणू काही तिला त्यालाच मारायचंय.

मॅडम पायऱ्या चढून वर आल्या. "काय झालं?"

"माझी चूक," भिंगरी म्हणाली. "लवकर निघाले."

"तू लवकर नाही निघालीस. मी मोजत होते."

"मग हा उशिरा निघाला," भिंगरी म्हणाली.

खांबचं तोंड उघडं पडलं. "मॅडम, मी सुरावर निघतो. सूर लागलाच नाही. पहिलंच वळण लागलं होतं."

"कान तपासून घे तुझे," भिंगरी म्हणाली, आणि मावशीकडे बघितलंसुद्धा नाही.

खांबनं मावशीकडे बघितलं. बिचाऱ्याच्या डोळ्यात आरोप नव्हता, नुसता प्रश्न होता. तो डोळ्यांनी पाठ करणारा पोरगा, सूर हे त्याचं दुबळं अंग, त्याला स्वतःलाच खात्री नव्हती. "कदाचित... मला नीट..." तो म्हणाला. "माहीत नाही, मॅडम."

मॅडमनी भिंगरीचं मनगट एकदा उचलून बघितलं. मग त्या न चढणाऱ्या आवाजात म्हणाल्या, "ज्याला माहीत नाही, त्याच्या हातात मी मुलगी टाकू शकत नाही. उद्या दुसरा नाचेल. तू बस."

खांबनं मान खाली घातली. एवढा मोठा देह, पण खुर्चीत बसवलेल्या पोरासारखा झाला. आणि भिंगरी गप्प राहिली. ज्यानं तिला शंभर वेळा झेललं त्याचा तिनं मावशीसाठी बळी दिला, आणि डोळ्याची पापणी हलवली नाही.

मावशी पियानोच्या स्टुलावरून उठली.

"त्याचे कान चांगले आहेत," ती म्हणाली. "माझा गेला."

"मावशी!" भिंगरी ओरडली.

"पहिलंच वळण वाजवलं मी. मला सगळं पट्टीभर वर ऐकू येतं. बरेच दिवस झाले. हिला माहीत होतं, मी लपवलं."

"मावशी, गप्प बस!"

"तू गप्प बस!" मावशी अशी कडाडली की खुर्च्यांपर्यंत घुमलं. "हात बघ तुझा. मान असती तर?"

मॅडमनी पदराला हात पुसावेत तसे रिकामे हात एकमेकांवर पुसले. त्यांनी मावशीला कशाचाही जाब विचारला नाही. एवढंच म्हणाल्या, "तुझं ह्या नाचाचं ध्वनिमुद्रण आहे माझ्याकडे. मागे पोरांना घरी सरावाला म्हणून केलं होतं. उद्या ते लावू." मग खांबकडे वळून म्हणाल्या, "तू नाचशील." आणि जाता जाता, मावशीकडे पाठ असतानाच, "मला आधी सांगायला हवं होतंस."

मनगट मोडलं नव्हतं, मुरगळलं होतं. डॉक्टरनं नाचू नको म्हटलं. भिंगरीनं ते एका कानानं ऐकलं, मनगट घट्ट बांधलं आणि नाचायला गेली.

प्रयोगाला मावशी शेवटच्या रांगेत बसली. गच्च नाट्यगृह. रंगमंचावर पियानो नव्हता, जिथे होता तिथे मोकळी जागा. दिवे गेले आणि दोन्ही बाजूंनी मावशी वाजायला लागली.

तिचाच हात होता तो. कुठे जरा थांबायचा, कुठे डावा हात थोडा आधी पडायचा, सगळं ओळखीचं. पण सूर परका. आपलाच आवाज शेजारच्या घरातून यावा तसा. मांडीवर तिची बोटं आपोआप चालायला लागली. बोटं पांढरी चारमध्ये, कान काळी तीनमध्ये. तिनं बोटं आवळून मूठ केली आणि मूठ दुसऱ्या हातानं धरून ठेवली.

दुसरी फेरी आली. वळण. स्पीकरमधली मावशी घरी थांबली, चुकली नाही, ती चुकणारच नव्हती. खांब अंधारातून सुटला. भिंगरीनं झोकून दिलं. बांधलेला पांढरा हात हवेत दिसला, आणि ती त्याच्या हातात पडली, पुरती, अलगद. पुढच्या रांगेतल्या कुणीतरी "अरे!" म्हटलं. मग टाळ्या.

मावशी टाळ्या थांबायच्या आधीच उठून रंगपटात गेली. भिंगरी आली, स्टुलावर बसली, दातांनी मनगटाच्या पट्टीची गाठ सोडायला लागली. मावशी पुढे झाली तर तिनं हात मागे घेतला.

"झेललं त्यानं," मावशी म्हणाली.

"बघितलं मी. मीच होते तिथे."

"दुखतंय?"

"तू मला विचारलं नाहीस," भिंगरी म्हणाली. गाठ सुटत नव्हती. "उठून उभी राहिलीस आणि सगळ्यांसमोर... मला विचारायचं तरी होतंस."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"हो. म्हटलं असतं."

"त्या पोराचं काय झालं असतं?"

"मला त्याच्याशी काय करायचंय? तू माझी आहेस, तो नाही." तिचा आवाज फाटला. "तुझ्यासाठी मी अजून दहा वेळा पडले असते."

"तेच ना," मावशी म्हणाली. "तेच मला नको होतं."

भिंगरीनं कात्री घेतली आणि पट्टी उभी कापून टाकली.

शाळेनं मावशीला काढलं नाही. मॅडम तशा बाईच नव्हत्या. मोठ्यांच्या वर्गाला स्पीकर आला. तारवाले काका पियानो लावायला आले नाहीत, कारण आता तो वाजतच नव्हता. मावशीला अगदी लहान पोरांचा वर्ग दिला, जी अजून पायात पाय अडकून पडतात. त्यांना सूर लागत नाही, ठेका लागतो. मावशी मधोमध उभी राहून टाळी वाजवते आणि मोठ्यानं मोजते. टाळीला पट्टी नसते. त्यात तिचा कान चुकत नाही.

घरी दोघी बोलतात. मीठ दे, दार लाव, एवढं. भिंगरी उशिरा येते आणि बाहेरच जेवून येते. छोटा कीबोर्ड अजून त्या टेबलावरच आहे, त्यावर आता भांडी उपडी घालतात. एकदा मावशी पसरट पातेलं ठेवत होती तर खालच्या पट्ट्या दबल्या. टकटक. आतल्या खोलीत भिंगरीचा आवाज क्षणभर थांबला, ती फोनवर कुणाशी तरी बोलत होती. मग ती पुढे बोलायला लागली.

मावशीनं पातेलं उचललं आणि ओट्यावर ठेवलं.